मोठ्या साहेबांपुढं म्हटलेली तीन उत्तरं

आमच्या घरात कुणाला मुलाखतीचं पत्र आलं की त्याला माझ्याकडं पाठवतात. परवा मेहुण्याचा मुलगा आला. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, आता शेवटची मुलाखत कंपनीचे मालक स्वतः घेणार होते. पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझी बायको म्हणाली, "यांना विचार. यांनी एका मालकाला दौंडच्या वेटिंग रूममध्ये गार केलंय."

आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात, आणि ती तशी पसरवली मीच. लग्न झालं तेव्हा बायकोवर छाप पाडायची होती, पुढं मुलांवर. दर वेळी मी थोडा उंच होत गेलो आणि मालक थोडे बुटके. पण त्या पोराचा चेहरा बघून वाटलं, एकदा खरं काय झालं ते लिहून ठेवावं.

साठ-बासष्टचा सुमार. मी चोवीस वर्षांचा होतो. मूळचा केंदूरचा. आई लहानपणीच गेली, वडील मॅट्रिकच्या वर्षी गेले, आणि जमीन होती ती लांबच्या भाऊबंदांच्या वादात अशी अडकली की तिच्याकडं बघायला जाणंही नको वाटे. शिरूरला एका खोलीत राहायचो. खोलीला खिडकी एकच आणि तीही मालकिणीच्या गोठ्याकडं उघडणारी, त्यामुळं माझ्याशी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा डोळ्याला डोळा भिडायचा तो म्हशीचा. खानावळीत जेवायचो. तिथला वाढपी मला "बारा नंबर" म्हणायचा, कारण माझं ताट बाराव्या खिळ्यावर टांगलेलं असायचं. सणाच्या दिवशी खानावळ बंद राही. मग मी सण नसल्यासारखं तोंड करून गावातून दोन चकरा मारायचो आणि भेळ खाऊन झोपायचो.

दिवसाचे तास मात्र माझे चांगले जात, कारण ते चाचांच्या शेडमध्ये जात. चाचा म्हणजे इंजिनाचे मिस्त्री. नगर रस्त्याला पत्र्याची शेड, तीत तेलानं काळी झालेली जमीन, आणि दारात कायम एखादं उघडलेलं ऑइल इंजिन. घरची सगळी माणसं मुसलमान वाड्यात राहायची, तीन पिढ्या शिरूरातच. चाचांचा बाप बग्गीची चाकं करायचा, चाचांनी इंजिनं हाती घेतली. आसपासच्या गावांत, पार वडगाव रासाईच्या नदीकाठापर्यंत, पाणी काढायचं इंजिन अडलं की लोक आधी चाचांचं नाव काढत आणि मग कंपनीचं. मी मॅट्रिक झाल्यावर तिथं गेलो ते सहा वर्षं तिथंच. चाचांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून पार्टच्या याद्या मी वाचायचो. बाकी सगळं ते मला शिकवायचे.

दौंडला एका इंजिन कंपनीचा नवा डेपो निघणार होता. त्यासाठी एक माणूस हवा होता, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके फिरणारा. इंजिन विकायचं, बसवायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं. पेपरात जाहिरात आली, मी अर्ज टाकला. पुण्याच्या कारखान्यात परीक्षा झाली. एक इंजिन मुद्दाम बिघडवून ठेवलेलं, ते चालू करायचं. मी चालू केलं. मग विक्रीच्या साहेबांनी मुलाखत घेतली, तीही निभावली. आणि मग पत्र आलं: शेवटची भेट खुद्द संस्थापकांशी. ते सोलापूरकडून येणार, दौंडला नगरची गाडी मिळेपर्यंत दोन तास थांबणार, पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये हजर राहावं.

मी ते पत्र चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्हंजी मोठ्या सायबापुढं."

"व्हय."

"आता तुला नोझल कसा साफ करायचा ते न्हाई विचारायचे. हे सगळं झालंय."

"मग काय विचारतील?"

"तू माणूस कसा हाईस ते विचारतील. आन् त्याला पाना चालत न्हाई."

चाचांना मोठे साहेब माहीत होते. कंपनी लहान होती तेव्हा साहेब स्वतः इंजिन बैलगाडीत घालून गावोगाव फिरायचे, आणि या भागात आले की चाचांच्या शेडमध्ये उतरायचे. दोघं जमिनीवर बसून भाकरी खायचे. त्यामुळं साहेब कसा विचार करतात याचा चाचांना अंदाज होता. शिवाय कंपनीचा जुना फिरता माणूस चाचांचा दोस्त. त्यानंही सांगितलं होतं: साहेब शेवटच्या भेटीत तीनच गोष्टी बघतात. कंपनी कशासाठी आहे हे तुम्हाला कळतं का, पुढचं दिसतं का, आणि पेचात सापडलात तर काय कराल. बाकी सगळं, तो म्हणाला, चहा पिताना बघतात.

मग आमची तालीम सुरू झाली. दुपारी जेवणानंतर शेडमध्ये वर्दळ कमी असे. चाचा बाकावर साहेब होऊन बसायचे. त्यासाठी ते डोक्यावरची टोपी काढून चष्मा लावायचे आणि आवाज नाकातून काढायचे. मी समोर उलट्या डब्यावर.

"तुमच्या मते आमची कंपनी काय करते?"

"इंजिनं बनवते, साहेब."

चाचा पुन्हा चाचा व्हायचे. "आरं लेका, इंजिनं तर कुणीबी बनवतं. इंजिन कुणाला पायजे? शेतकऱ्याला पायजे ते पाणी. त्याला इंजिन नको हाय. ते धूर सोडतं, आवाज करतं, तेल पितं. पाणी पायजे म्हून इंजिन सोसतो त्यो. कंपनी पाणी वर आणती असं सांग."

मी वहीत लिहून घेतलं.

"गावोगाव वीज येणार हाय. मग आमच्या इंजिनांचं काय?"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. सरकार वीज आणणार अशी बोलवा होती, वरवंडकडं रस्त्याकडेला खांब येऊन पडले होते. मी म्हटलं, "तरीही इंजिनं विकत राहू." चाचांनी नाक मुरडलं आणि दोन दिवस विचार करून मला उत्तर आणून दिलं: "वीज तारेवरनं येती, तशी तारेवरनं जाती. इंजिन मात्र शेतकऱ्याच्या छपरात असतं. म्हून पंप असा बनवा, का त्यो मोटारीवर चालंल आन् इंजिनावरबी. दोन्ही आपणच विकायचं." आजही मला हे उत्तर चांगलं वाटतं. मी ते पुस्तकी मराठीत बसवलं.

तिसरा प्रश्न पेचाचा. शेतकऱ्यानं गाळलेलं तेल न घालता भलतंच घातलं, इंजिन बंद पडलं, आणि तो पंचायतीपुढं कंपनीच्या नावानं ओरडतोय. काय कराल? मी म्हटलं, त्याला समजावून सांगू. चाचा म्हणाले, "पाणी थांबलेल्या माणसाला समजावतोस? आधी इंजिन चालू कर. वाफ्याला पाणी लागलं की मग बस त्याच्यापाशी, मग सांग चूक कुणाची. पाणी चालू असलं की माणूस स्वतःहून चूक कबूल करतो." हेही लिहून घेतलं.

असं महिनाभर. एकदा मी अगदी न चुकता तिन्ही म्हणून दाखवलं तर चाचांनी खूश होऊन चहा मागवला आणि चहावाल्याला म्हणाले, "ह्याला बघून ठेव. उद्या सायेब होणार हाय ह्यो." चहावाला म्हणाला, "होऊ द्या, पण कप परत पाठवा म्हणावं." माझ्या आयुष्यात माझ्यावर इतका वेळ कुणी खर्चला नव्हता. वडिलांनीही नाही. ते भले होते, पण अबोल. खोलीवर जाताना मला वाटायचं, जगात निदान एक बाक असा आहे की ज्याच्यावर बसलेला माणूस माझा आहे. नोकरी हवी होती ती त्यासाठीही होती. ज्याला कुणी असं तयार करतं, तो नापास झाला तर कसं दिसेल?

फक्त शुक्रवारी तालीम नसे. शुक्रवारी शेड बंद. मी दिवसभर खोलीवर बसून उत्तरं म्हणायचो. म्हैस ऐकायची.

ठरल्या दिवशी पहिल्या येष्टीनं दौंडला गेलो. हातांना रॉकेल चोळून चोळून नखांतलं काळं काढलं होतं, त्यामुळं हात स्वच्छ झाले पण मी आपला चालता कंदील झालो होतो. शेजारी बसलेली बाई सरकत सरकत खिडकीपर्यंत गेली. तिला वारा हवा असेल असं मी मनाला समजावलं.

स्टेशनवर वेटिंग रूमच्या बाहेर एक बाक होता. त्याच्यावर चाचांचा भाचा बसलेला. माझ्याच वयाचा, दौंडला पार्टच्या दुकानात कामाला होता, बायको आणि बिऱ्हाड तिथंच. आमची ओळख बेताचीच.

"तुम्ही इथं?" मी विचारलं.

"तुम्ही ज्यासाठी, त्यासाठीच," तो हसला. "दोघंच राहिलोत म्हणे."

इथं माझ्या हुशारीचा नमुना नोंदवून ठेवतो. हा चाचांचा भाचा, हे मला माहीत. चाचा मोठ्या साहेबांना ओळखतात, हे मला माहीत. दर शुक्रवारी भाचा शिरूरला मामाकडं जेवायला येतो, हेही कानावर होतं. हे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवले असते तर लहान पोरालाही कळलं असतं. पण मी मनात काय म्हटलं? म्हटलं, बिचारा. हा दौंडला, चाचा शिरूरला, याची तयारी कोण करून घेणार!

सेक्रेटरीनं आधी त्याला बोलावलं. तो अर्ध्या तासानं बाहेर आला. कपाळ पुसलं, म्हणाला, "माणूस चांगला हाय. घाबरू नका." मग मी आत.

मोठे साहेब खुर्चीवर नव्हते. वेटिंग रूममधल्या त्या लांब वेताच्या आरामखुर्चीच्या कडेवर टेकून बसले होते. साठीचे, अंगात खादीचा कोट, पायांतले बूट काढून ठेवलेले. समोर स्टेशनचा चहा, दोन कप. एक माझ्याकडं सरकवला. वास घेतला.

"रॉकेल?"

"हात धुतले, साहेब."

"चांगलं. पहिला प्रश्न. आमची कंपनी काय करते?"

माझ्या मनानं उडीच मारली. शब्द न शब्द तोच! मी पाठ ताठ केली आणि म्हटलं. शेतकऱ्याला इंजिन नको आहे, ते धूर सोडतं, आवाज करतं, तेल पितं, तो पाण्यासाठी ते सोसतो. कंपनी इंजिन बनवत नाही, पाणी वर आणते.

साहेबांनी मान थोडी तिरकी केली.

"खेड्यांत वीज आल्यावर?"

मी म्हटलं. वीज जशी तारेवरून येते तशी तारेवरून जाते. छपरातल्या इंजिनाशी आलो तेव्हा साहेबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, बाण बसला.

"गिऱ्हाइकानं चुकीचं तेल घातलं आणि दोष आम्हाला देतोय."

"आधी इंजिन चालू करायचं, साहेब. वाफ्याला पाणी लागलं की—"

"मग त्याच्यापाशी बसायचं," साहेब म्हणाले. "मग चूक कुणाची ते सांगायचं. पाणी चालू असलं की माणूस स्वतःहून कबूल करतो."

मी दाराकडं बघितलं.

"बाहेर गेले ते गृहस्थ निदान मध्ये मध्ये अडखळले. तुम्ही तर धडधड म्हणून दाखवलंत." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "कुणी शिकवलं तुम्हा दोघांना?"

त्या क्षणी नोकरी हातची गेली हे मला कळलं, पण खरं सांगतो, आधी आठवण झाली ती त्या बाकाची. बाकावर मी एकटा बसत नव्हतो. शुक्रवारी त्याच बाकावर दुसरा बसायचा, चाचा त्याच्यापुढंही चष्मा लावायचे, नाकातून बोलायचे, कदाचित चहाही मागवायचे. त्यानं मामाला मागितलं, मामानं दिलं. यात चूक काहीच नव्हती, आणि म्हणूनच कुणावर रागवायची सोयही नव्हती. बाहेर एक मालगाडी शंटिंग करत होती. डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज लांबपर्यंत जात राहिला.

खोटं बोलता आलं असतं. पण मग ती तीन उत्तरं पोरकी झाली असती, आणि चांगली उत्तरं होती ती. मी सांगितलं: शिरूरचे चाचा, इंजिनाचे मिस्त्री. मी त्यांच्याकडं सहा वर्षं काम करतो. बाहेर बसलेत ते त्यांचे सख्खे भाचे.

साहेब एकदम पुढं वाकले. "नगर रस्त्याचे? पत्र्याच्या शेडवाले?"

"व्हय साहेब."

"तरीच. मला आवाज ओळखीचा वाटत होता, माणूस दिसत नव्हता." ते हसले, मग थांबले. "म्हणजे त्यांनी भाच्याला आणि तुम्हाला सारखंच शिकवलं? भाच्याला एखादं जास्त उत्तर नाही दिलं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, "दिसत तरी नाही, साहेब."

"आणि तुम्हाला सांगितलं नाही की त्यालाही शिकवतोय."

"नाही."

"राग आला?"

"राग नाही आला," मी म्हटलं. "एकटं वाटलं."

हे मी का बोललो ते देव जाणे. असलं वाक्य माझ्या वहीत कुठंच नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच.

"चहा घ्या, गार होतोय. त्यांची उत्तरं झाली. आता तुमचं एक द्या. दहा वर्षांनी तुम्ही कुठं असाल?"

याचंही चाचांनी दिलेलं उत्तर होतं. प्रत्येक गावात कंपनीची पाटी, वगैरे. ते जिभेवर आलंही. पण ते बाहेरच्यानंही म्हटलं असणार. मग मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब. कुठंही असलो तरी मी बाहेरून आल्यावर 'आलास का' असं विचारणारं कुणी घरात असावं, एवढंच वाटतं."

"आत्ता कुणी नाही?"

"न्हाई."

"आई, वडील? भावंडं?"

"न्हाई. कुणीच न्हाई."

"लग्न ठरलंय?"

"ठरवणारंच कुणी न्हाई."

साहेबांनी खिशातली छोटी वही काढून एक ओळ लिहिली. मग म्हणाले, "मी महिन्यातले वीस दिवस अशा खोल्यांत काढतो. या खुर्च्या सगळीकडं सारख्याच असतात, बघा. सोलापूरला, मनमाडला, इथं." त्यांनी वेतावर हात फिरवला. "घरी विचारणारं आहे मला. पण मी घरी नसतो." एवढं बोलून ते बूट घालू लागले. नगरच्या गाडीची घंटा झाली होती. दाराशी मला म्हणाले, "मिस्त्रींना नमस्कार सांगा. म्हणावं, पुढच्या वेळी एकालाच शिकवा, नाहीतर दोघांना वेगवेगळं शिकवा."

परतीच्या येष्टीसाठी भाचा मला स्टँडवर सोडायला आला. माझ्याकडून त्यालाही सगळं कळलं होतं. दोघंही शरमलो होतो.

"मामूनं तुम्हालाबी हेच?" त्यानं विचारलं.

"हेच. विजेचंसुद्धा?"

"विजेचं तर मी तीन शुक्रवार घोकलं."

आम्ही हसलो, पण हसणं लवकर संपलं. नोकरी दोघांपैकी एकालाच मिळणार होती. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. मी म्हटलं, तुम्हालाच मिळावी. म्हणताना खरंच तसं वाटलं. गाडी सुटल्यावर वाटलं नाही.

चाचांना मी साहेबांचा निरोप सांगितला. ते बराच वेळ हसले, मग माझ्याकडं बघून थांबले.

"तुला लागलं का रं?"

"न्हाई."

"त्यानं इचारलं, म्या सांगितलं. तू इचारलं, तुला सांगितलं. तुझ्यात आन् त्याच्यात म्या काय फरक करू?" त्यांनी पाना उचलला. "त्याला येगळं, जरा भारी उत्तर दिलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं व्हय?"

आता विचार करतो तर वाटतं, एका परक्या पोराला सख्ख्या भाच्याच्या बरोबरीनं बसवलं होतं त्या माणसानं. पण चोविसाव्या वर्षी मला बरोबरी नको होती. मला कुणाचं तरी पहिलं माणूस व्हायचं होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नेमणूक माझी.

पत्र इंग्रजीत टाइप केलेलं. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, दुसऱ्यात कामाचं स्वरूप: महिन्यातले पंचवीस दिवस दौरा, मुक्काम मिळेल तिथं, चावडीत, देवळात, शेतकऱ्याच्या पडवीत. आणि तिसऱ्यात एक वाक्य होतं, जे मी खोलीवर कोश घेऊन दोनदा लावलं. दोन्ही उमेदवार ज्ञानानं आणि वृत्तीनं तुल्यबळ आहेत. मात्र कुटुंबाच्या जबाबदाऱ्यांपासून पूर्णपणे मुक्त असल्यानं या फिरत्या कामासाठी आपण अधिक योग्य ठरता.

त्या छोट्या वहीत साहेबांनी काय लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यापुढं काळीज उघडं केलं होतं, आणि त्यांनी ते कामाच्या रकान्यात बसवलं होतं. दुष्टपणानं नव्हे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ज्याच्या घरी सातव्या महिन्याची बायको आहे त्याला पंचवीस दिवस देवळात झोपायला कोण पाठवील? तोच खरा भला निर्णय होता. पण मला जे नको झालं होतं त्याचीच मला नोकरी लागली होती, आणि पत्रात त्याबद्दल अभिनंदनही केलं होतं.

चाचांना पत्र वाचून दाखवताना मी तिसरा परिच्छेद गाळला. ते म्हणाले, "ह्या कागदात आजून काय तरी लिवलंय. एवढं मोठं पत्र आन् एवढंच?" मी म्हटलं, "बाकी नियम आहेत." त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. मग उठून पेढे आणले, पण पुडे दोन. एक माझा. दुसरा दौंडला जाणाऱ्या येष्टीच्या कंडक्टरकडं दिला, भाच्यासाठी. म्हणाले, "ज्याला न्हाई मिळाली त्यालाबी त्वांड गोड कराय लागतं. त्यालाच जास्त लागतं."

महिन्याच्या पहिल्या तारखेला दौंडच्या डेपोत रुजू झालो. डेपो म्हणजे मालधक्क्याजवळची एक पत्र्याची वखार, एक टेबल, आणि पुण्याहून आलेला एक कारकून. त्यानं माझ्यापुढं छापील फॉर्म टाकला. नाव, गाव, शिक्षण भरलं. मग एक रकाना आला: अपघात झाल्यास कळवावयाचे जवळचे नातेवाईक, व त्यांच्याशी नाते.

मी तो सोडून खाली सही केली. कारकुनानं फॉर्म परत सरकवला.

"हे राहिलं."

"कुणी नाही हो."

"असं चालत नाही. तुम्ही इंजिनाच्या पट्ट्यात सापडलात तर आम्ही कळवायचं कुणाला?"

"कुणाला न कळवलंत तरी—"

"अहो, इथं 'कुणी नाही' असा रकाना नाही. भरा काहीतरी. गाडीला उशीर होतोय माझ्या."

मी चाचांचं पूर्ण नाव लिहिलं, पत्ता नगर रस्ता, शिरूर. नात्याच्या जागी 'वस्ताद' लिहिलं. त्यानं ते वाचलं, पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल केला.

"हे नातं होत नाही. रक्ताचं किंवा लग्नाचं लिहा."

मी 'वस्ताद' खोडलं आणि 'चुलते' लिहिलं.

कारकुनानं वर माझं नाव वाचलं. मग खाली चाचांचं नाव वाचलं. मग पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मी छताकडं बघत होतो.

"सख्खे का?" त्यानं विचारलं.

"सख्खे."

त्यानं शिक्का उचलला, शाईत दाबला आणि फॉर्मवर मारला.